लाटेच्या वाटेतला पाया : कोकणच्या जलदुर्गांची बांधणी

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या खडकाळ बेटावर बांधलेला किल्ला म्हणजे जलदुर्ग. मुरूडसमोरचे जंजिरा आणि पद्मदुर्ग, थळसमोरची खांदेरी, अलिबागचा कुलाबा आणि मालवणचा सिंधुदुर्ग हे कोकणातले ठळक जलदुर्ग होत. डोंगरी किल्ल्याच्या गवंड्याला पाया खणायला वर्षभर कोरडी जमीन मिळते. जलदुर्गाच्या गवंड्याला पायाची जागा दिवसातून दोनदा पाण्याखाली गेलेली दिसते आणि पावसाळ्याचे चार महिने तर तिथे उभेही राहता येत नाही. त्यामुळे तट किती उंच आणि किती रुंद, यापेक्षा पहिला थर कोणत्या दिवशी, कोणत्या ओहोटीला आणि कशाच्या आधाराने बसवला, यावर अशा किल्ल्याचे आयुष्य ठरत असे.

पायाचे निम्मे काम बेटाच्या निवडीतच होऊन जाते. सिंधुदुर्गासाठी मालवणच्या किनाऱ्यासमोरचे कुरटे बेट निवडले गेले. या बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर असलेल्या खडकांची दाटी आहे. वाटाड्याशिवाय परकी गलबते तिथवर येऊ शकत नाहीत, हे त्याचे लष्करी कारण सर्वांना ठाऊक असते. बांधकामाच्या दृष्टीने मात्र हेच खडक आणखी एक काम करतात. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय खडकाला अडतो आणि ती फुटते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की लाट कोसळते. म्हणजे तटासमोर मीटरभरच पाणी असेल, तर सुमारे ०.८ मीटरपेक्षा मोठी लाट अखंड अवस्थेत तटापर्यंत पोचूच शकत नाही. मोठ्या लाटा बाहेरच्या खडकांवर फुटून दमलेल्या येतात. हा हिशेब सूत्रात मांडला गेला तो फार पुढे, पण पाणी कुठे पांढरे होते आणि कुठे काळे राहते हे कोळी आणि भंडारी दर्यावर्दींना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. तट बेटाच्या अगदी कडेवर न नेता खडकाचा पट्टा बाहेर सोडून बांधला, तर तो पट्टा लाटेचा पहिला मार खातो. उधाण आणि वादळ एकाच वेळी आले की मात्र खोली वाढते आणि हे संरक्षण तात्पुरते नाहीसे होते. तटाची खरी परीक्षा अशाच दिवशी होते.

कामाचा हंगाम समुद्रच ठरवून देत असे. सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ शके १५८६ मध्ये मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी रोवली गेली. मालवणच्या किनाऱ्यावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेला ‘मोरयाचा धोंडा’ आजही त्या पूजेची जागा दाखवतो. नोव्हेंबर उजाडेपर्यंत समुद्र शांत झालेला असतो आणि पुढे मे महिन्यापर्यंत साधारण सहा महिने काम करता येते. या सहा महिन्यांतही पायाचे काम रोज सारखे चालत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. तेव्हा भरती जास्त चढते, पण ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते आणि पाण्याची चढउतार कमी राहते. त्यामुळे सर्वांत खालचा खडक उघडा पडायचा तो महिन्यातून दोनदा, तोही काही दिवस आणि दर वेळी मोजके तास. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज सकाळी मिळालेली ओहोटी आठवड्याने दुपारपर्यंत जाते. खालचे थर या उधाणाच्या ओहोट्यांना बसवायचे आणि भांगाच्या दिवसांत दगड घडणे, चुना मळणे, वरचा तट चढवणे अशी कामे उरकायची, याखेरीज दुसरी सोयीची रीत नव्हती.

खडक उघडा पडला की पहिले काम सफाईचे. शेवाळ आणि खडकाला चिकटलेली कालवे खरवडून काढल्याशिवाय दगड खडकावर पक्का बसत नाही. शेवाळावर ठेवलेला दगड जणू तेलावर ठेवल्यासारखा सरकतो. वरची सडलेली, ठिसूळ कपची पहारीने उचकटून घट्ट कातळ लागेपर्यंत खाली जावे लागते. समुद्रातला खडक बहुतेक वेळा पाण्याच्या दिशेने उतरता असतो, आणि उतारावर ठेवलेला थर वरच्या वजनाने बाहेर घसरू पाहतो. त्यासाठी पाथरवट छिन्नीने कातळात आडव्या पायऱ्या पाडतात आणि प्रत्येक पायरी किंचित किल्ल्याच्या आतल्या बाजूला झुकती ठेवतात. मग वरचे वजन वाढले की दगड बाहेर न सरकता आणखी आत रेटला जातो. पायाचा चर खणून भरण्याची सवय असलेल्या गवंड्याला हे काम वेगळे वाटते, कारण इथे पाया खणायचा नसून कोरायचा असतो.

या कोरीव बैठकीवर सर्वांत मोठे दगड ठेवले जातात, आणि ते कसे ठेवले जातात याला फार महत्त्व आहे. लाट तटावर आदळते तेव्हा ती तट आत ढकलते, आणि आत ढकलायला मागे सगळ्या तटाचे वजन उभे असते. धोका असतो तो लाट परतताना. आदळलेल्या लाटेचे पाणी सांध्यांमधून आत शिरते. लाट मागे गेली की बाहेरचा दाब एकदम नाहीसा होतो, आतले पाणी मात्र लगेच बाहेर पडू शकत नाही. ते दगडाला मागून बाहेर ढकलते. समुद्रातल्या भिंतींचे दगड आत पडलेले क्वचितच दिसतात. ते बाहेर, समुद्राच्या बाजूला निखळलेले असतात.

एका दगडाचा हिशेब मांडला की हे नीट उमजते. समजा, काळ्या पाषाणाचा एक दगड तोंडाशी ६० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच उंच आहे आणि तटात १२० सेंटिमीटर आत शिरलेला आहे. त्याचे घनफळ ०.४३ घनमीटर आणि वजन सुमारे १,२०० किलो. पाण्यात बुडाल्यावर उत्प्लावनामुळे ते ७७० किलोच्या आसपास भरते. दगड सरकायला जो घर्षणाचा विरोध होतो तो वजनाच्या सुमारे सहा दशांश, म्हणजे साधारण ४६० किलो. आता त्याच्या मागे २ मीटर उंचीचे पाणी अडकले, तर दर चौरस मीटरवर सुमारे २ टन दाब येतो आणि दगडाच्या मागच्या तोंडावर जवळजवळ ७२० किलोचा रेटा पडतो. एकटा दगड हा रेटा सोसू शकत नाही आणि निखळतो. त्याच दगडावर ५ मीटर उंचीचा तट चढलेला असेल, तर त्याच्यावर सुमारे ९ टन वजन बसते आणि तोच रेटा नगण्य ठरतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे दगडाची लांब बाजू तटाच्या दर्शनी भागावर न ठेवता आत घालायची. लांब बाजू बाहेर दाखवली तर तट लवकर उठतो आणि दिसायलाही भारदस्त दिसतो, पण प्रत्येक दगडाचे दर्शनी तोंड मोठे होते आणि त्याला धरून ठेवणारी खोली कमी पडते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पुरा झालेला तट समुद्राला दाद देत नाही. अर्धवट तट मात्र अत्यंत नाजूक असतो. मे महिन्याच्या अखेरीस दोनच थर बसलेले असतील, तर पहिल्याच पावसाळ्यात ते विस्कटतात. त्यामुळे एका हंगामात बेटाभोवती सगळीकडे थोडे थोडे काम करण्यापेक्षा एखादा टप्पा पायापासून पुरेशा उंचीपर्यंत नेऊन ठेवणे शहाणपणाचे. सिंधुदुर्गाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी ३ किलोमीटरच्या घरात, उंची साधारण ३० फूट आणि जाडी १२ फूट. एवढे काम तीन वर्षांत, १६६७ पर्यंत पुरे झाले. हिरोजी इंदुलकरांकडे सोपवलेले हे काम किती नेटाने चालले असेल, ते हंगाम मोजले की ध्यानात येते. तीन वर्षांत पायाला लायक असे हंगाम मिळतात ते तीनच.

सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतले होते, ही गोष्ट मालवणात प्रत्येक वाटाड्या सांगतो. पाच खंडी शिसे वापरल्याचे परंपरेने सांगितले जाते. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लाकडाच्या भट्टीवर, बेटावरच, ते पातळ करता येते. खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही. दगडात भोक पाडून त्यात लोखंडी खुंटी किंवा कडी बसवायची आणि भोवतालची जागा ओतीव शिशाने बंद करायची, ही जगभरच्या दगडी बांधकामात चालत आलेली रीत आहे. लोखंड उघडे राहिले तर गंजून फुगते आणि दगडच फोडते. शिसे त्याला पाण्यापासून झाकून ठेवते. शिवाय ते मऊ असल्यामुळे दगड किंचित हलला तरी तडकत नाही.

यात दोन अडचणी असतात आणि दोन्ही ओहोटीच्या कामात जाचक ठरतात. भोकात पाण्याचा थेंब उरला असेल आणि त्यावर तापलेले शिसे पडले, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसे उसळून ओतणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून भोके पुसून, शेकून कोरडी करावी लागतात, तीही पाणी परत चढायच्या आत. दुसरी अडचण अशी की थिजताना शिसे आकसते, शेकडा तीन-साडेतीन इतके. तेवढ्या आकसण्याने भोकाच्या कडेला केसासारखी फट पडते आणि तिच्यातून पाणी आत जाते. थिजल्यावर शिसे बोथट छिन्नीने ठोकून ती फट बुजवली, तरच काम पक्के होते.

पाच खंडी म्हणजे प्रत्यक्षात किती, तेही पाहण्यासारखे आहे. खंडी वीस मणांची. मणाचे वजन प्रांतोप्रांती वेगळे होते; मोठा, सुमारे ३७ किलोचा मण धरला तर पाच खंडी म्हणजे ३,७०० किलो. ऐकायला हा ढीग मोठा वाटतो. पण शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड असते, त्यामुळे एवढ्या वजनाचे शिसे फक्त एक तृतीयांश घनमीटर जागा व्यापते. ७ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर खोल अशा एका भोकात सुमारे एक लिटर शिसे मावते. या हिशेबाने पाच खंडीत ३३० च्या आसपास भोके भरतील, आणि ३ किलोमीटर तटावर समान वाटली तर दर ९ मीटरला एक भोक येईल. तटाखाली शिशाचा सलग थर असल्याची जी कल्पना सर्रास सांगितली जाते, तिला हा आकडा पुरत नाही. शिसे वापरायचे ते मोक्याच्या ठिकाणी: समुद्राच्या माऱ्यासमोरचे पायथ्याचे दगड, बुरुजांचे कोपरे, दरवाज्याची जोती. बाकीचा तट वजनावर, दगडाच्या बसणीवर आणि चुन्यावरच उभा राहिला. यामुळे सिंधुदुर्गाची थोरवी कमी होत नाही. उलट महाग धातू कुठे लागतो आणि कुठे नाही, हे जाणणाऱ्या गवंड्यांचे कसब त्यात दिसते.

चुन्याची मर्यादा इथेच स्पष्ट होते. कोकणात चुना शिंपले भाजूनही करत. कळीचा चुना वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळून मळला जाई. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो. त्याला हवा लागते, आणि वेळ लागतो. भरतीखाली गेलेल्या ताज्या चुन्याला दोन्ही मिळत नाहीत. घट्ट होण्याआधीच तो सांध्यातून धुऊन जातो. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली की चुना पाण्याच्या सान्निध्यातही धरतो, पण सहा तासांनी येणाऱ्या भरतीइतक्या घाईने धरत नाही. भरतीच्या रेषेखाली चुन्याच्या भरवशावर राहता येत नाही, ती रेषा ओलांडली की मात्र चुना उत्तम काम देतो.

तो किती उत्तम देतो, हे पद्मदुर्गावर डोळ्यांना दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी कासा बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला उभारला. कामाला लागणारी रसद वेळेवर न पोचवल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये कडक पत्र लिहिले होते. या किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहून पाहिले तर दगडांच्या दर्शनी बाजू खोलगट झिजल्या आहेत आणि त्यांच्या भोवतीचा चुना तसाच, चौकटीसारखा पुढे उभा आहे. समुद्राचा तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतो, उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ उरते. त्या मिठाचे स्फटिक छिद्रांतच वाढतात आणि आतून दगडाचे पापुद्रे सुटतात. पुन्हा तुषार, पुन्हा ऊन, असे साडेतीनशे वर्षे चालले आहे. दर वेळी भिजून दर वेळी वाळणाऱ्या भागात ही झीज सर्वांत जास्त होते. कायम पाण्याखाली राहणाऱ्या दगडात मीठ थिजायला सवडच मिळत नाही. लाटेच्या धडकेपेक्षा शांतपणे वाळणारे मीठ दगडाला अधिक खाते, हे एरवी सुचणार नाही. आणि पद्मदुर्गाचा चुना त्या मिठालाही पुरून उरला आहे.

अलिबागच्या कुलाब्याने मात्र वेगळाच मार्ग धरला. या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, मार्च १६८० मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुढच्या वर्षी पुरे झाले. ओहोटीला इथे अलिबागहून चालत जाता येते, आणि पायथ्याशी पोचल्यावर दिसते की मोठमोठे दगड नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. सांध्यांत चुना नाही. तट घाईत उरकल्याचा समज होऊ शकतो, पण परतणाऱ्या लाटेचा हिशेब ध्यानात घेतला की यातली योजना उलगडते. सांधे उघडे असल्यामुळे लाटेचे पाणी आत शिरते तसेच बाहेरही पडते. दगडामागे ते कोंडून राहत नाही, म्हणून बाहेर ढकलणारा तो रेटा तयारच होत नाही. आत शिरताना असंख्य फटींमधून वळसे घेत जाताना पाण्याचा जोरही मरतो. दगड जागेवर राहतो तो केवळ वजनाने, आणि म्हणूनच इथले दगड एवढे अवजड आहेत. चुना लावायचा नसल्याने थरही ओहोटीच्या वेळात भराभर बसवता आले आणि भरतीने धुऊन नेण्यासारखे काही उरले नाही.

खांदेरीला तटाच्या पायथ्याशी सुटे दगड पसरलेले आहेत. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी दीडशे माणसे घेऊन या बेटावर उतरले आणि मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या जहाजांशी झुंजत काम सुरू झाले. पायथ्याच्या या दगडांवर कालवे धरतात, त्यांच्या धारदार कडांमुळे अनवाणी माणसाला तिथे उतरणे अवघड होते. लाटेलाही ते तटाआधी गाठतात. पाणी दगडांमध्ये विखुरते आणि तटाच्या मुळाशी सरळ धडक बसत नाही. आजच्या बंधाऱ्यांसमोर टाकलेले काँक्रीटचे चौपायी ठोकळे याच कामासाठी असतात.

जलदुर्गाचा तट ढासळायला लागतो तेव्हा आधी लहान लक्षणे दिसतात. दगड घट्ट बसावेत म्हणून सांध्यांत ठोकलेल्या चिपा निघून जातात. मग एखादा दर्शनी दगड हाताने हलवला तर डुगडुगतो. तो निखळला की दोन दर्शनी भिंतींमधली भर, म्हणजे लहान दगड आणि चुना, लाटेबरोबर बाहेर वाहते. बाहेरून तट उभा दिसतो, आत तो पोकळ झालेला असतो, आणि भिंतीला बाहेरच्या अंगाने फुगवटा येतो. वरच्या थरांचे वजन खाली नीट पोचेनासे होते. वजन हाच दगडाचा आधार असल्याने तिथून पुढे पडझड वेगाने होते. वरून पिंपळ-वडाची मुळे हेच काम करतात. सांध्यात शिरलेले मूळ जाड होत गेले की शेजारचे दगड उचलले जातात.

दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान सिमेंटने होते. चुन्याच्या तटाच्या दर्जा सिमेंटने भरल्या की आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून बाहेर पडते आणि मीठ दगडातच साठवते. कुलाब्यासारख्या कोरड्या रचाईत सिमेंट भरणे त्याहून वाईट, कारण पाण्याची परतीची वाटच बंद होते आणि तीन शतके न उद्भवलेला मागचा रेटा नव्याने निर्माण होतो. अशा ठिकाणी निखळलेला दगड शोधून, ओहोटीला त्याच बैठकीवर, लांब बाजू आत घालून पुन्हा बसवणे आणि चिपा ठोकून घेणे हीच योग्य दुरुस्ती. सिंधुदुर्ग आणि पद्मदुर्गासारख्या तटांना चुन्याचाच चुना लागतो, आणि भरतीच्या रेषेखाली वजनदार दगडाला पर्याय नाही.